अर्ध्या डब्याचे आकडे, पुरा डबा पोटात

आयर्लंडमध्ये मुलांकडे राहणाऱ्या आपल्या वडीलमंडळींची दुपार पुष्कळदा सूपच्या डब्यावर भागते. डबा चारशे ग्रॅमचा असतो आणि तो एकटा माणूस सहज संपवतो. पण डब्यावर ठळक छापलेले आकडे पाहावेत तर ते अर्ध्या डब्याचे असतात. एक वाढप म्हणजे किती, हे कंपनी ठरवते. आपली भूक नव्हे.

यावर उपाय डब्याच्या मागेच असतो. युरोपच्या नियमाप्रमाणे १३ डिसेंबर २०१६ पासून बहुतेक सर्व बंद पाकिटांवर १०० ग्रॅमचे किंवा १०० मिलिलिटरचे आकडे देणे सक्तीचे आहे. वाढपाचा रकाना कंपनीच्या मर्जीचा आहे. म्हणून हिशेब नेहमी १०० ग्रॅमच्या रकान्यावरून करावा.

आधी डब्याचे निव्वळ वजन शोधावे. त्याला १०० ने भागावे. ४०० ग्रॅमचा डबा असेल तर उत्तर ४ येते. आता १०० ग्रॅमच्या रकान्यातील प्रत्येक आकड्याला ४ ने गुणावे.

समजा, एका सूपच्या १०० ग्रॅममध्ये ५० किलोकॅलरी, स्निग्ध पदार्थ २ ग्रॅम, कार्बोहायड्रेट ६.५ ग्रॅम, प्रथिने १.५ ग्रॅम आणि मीठ ०.६ ग्रॅम आहे. तर पुऱ्या डब्यात २०० किलोकॅलरी, स्निग्ध पदार्थ ८ ग्रॅम, कार्बोहायड्रेट २६ ग्रॅम, प्रथिने ६ ग्रॅम आणि मीठ २.४ ग्रॅम झाले. वाढपाच्या रकान्यात मात्र कार्बोहायड्रेट १३ आणि मीठ १.२ दिसेल. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगते. त्यातले जवळजवळ निम्मे या एका डब्यात गेले. मधुमेह असलेल्यांनी वहीत २६ लिहावे, १३ नव्हे. कार्बोहायड्रेट मोजून इन्शुलिन घेणाऱ्याच्या बाबतीत हा दुपटीचा फरक साखरेत दिसतो.

उष्मांकाचे दोन आकडे छापतात. त्यातला मोठा किलोज्यूलचा असतो. आपल्याला लहान, किलोकॅलरीचा हवा.

दोन ठिकाणी हा हिशेब फसतो. पाण्यातल्या छोल्यांच्या डब्यावर दोन वजने असतात, उदाहरणार्थ पाण्यासकट ४०० आणि पाणी निथळल्यावर २४०. आकडे निथळलेल्या छोल्यांचे आहेत असे लिहिले असेल, तर ४ ने नव्हे, २.४ ने गुणावे. दुसरे, सूपच्या कोरड्या पुडीवर कधी पाणी घालून तयार केलेल्या सूपचे आकडे देतात. तेव्हा पुडीचे वजन धरू नये, तयार सूप किती होते ते धरावे.

अक्षर बारीक असले तर नातवंडांना फक्त दोन गोष्टी विचाराव्यात: निव्वळ वजन किती, आणि शंभर ग्रॅममध्ये किती? गुणाकार आपला आपण करावा.