धारेतही न सुटणारी पकड

जवळपास निम्म्या बायकांना आयुष्यात एकदा तरी लघवीच्या जागी जळजळीचा त्रास होतो. बहुतेक वेळा त्यामागे ई. कोलाय हा जिवाणू असतो. एरवी तो आपल्या आतड्यात काही त्रास न देता राहतो. मूत्राशयात मात्र त्याच्यापुढे पहिलाच पेच उभा राहतो: दिवसातून सहा-सात वेळा तिथे पूर येतो आणि जे मोकळं असेल ते वाहून जातं. तेव्हा टिकायचं तर आधी चिकटायला हवं.

त्यासाठी त्याच्या अंगावर शेकडो बारीक तंतू असतात. शास्त्रज्ञ त्यांना फिंब्री म्हणतात, कुणी पिलीही म्हणतात. तंतूची जाडी केसाच्या सुमारे 10,000व्या भागाइतकी. टोकाला फिमएच नावाचं प्रथिन असतं. मूत्राशयाच्या अस्तरावरच्या पेशींवर मॅनोज नावाची साखर असते, ती हे प्रथिन ओळखतं आणि धरतं.

ही पकड काचपट्टीवर डोळ्यांनी दिसते. गिनीपिगच्या रक्तपेशींच्या थेंबात असे जिवाणू मिसळून पट्टी हलवली की थोड्याच वेळात थेंबात लाल कण गोळा होतात, कारण जिवाणू पेशींना एकमेकींशी बांधतात. त्यात आधीच मॅनोज घातलं, तर थेंब एकसारखा राहतो. साखरेने प्रथिनाची जागा अडवलेली असते.

मला सगळ्यात थक्क करते ती पुढची गोष्ट. साधा चिकटपणा ओढला की सुटतो. फिमएचचं उलटं आहे: ते सरफाशीसारखं, ओढ बसली की अधिक घट्ट होतं. प्रथिनाचे दोन भाग ताणाने एकमेकांपासून दूर होतात आणि साखर धरणारा भाग आवळतो. शिवाय तंतू स्प्रिंगसारखा गुंडाळलेला असतो. धार आली की तो उलगडत लांब होतो, झटका झेलतो आणि धार थांबली की पुन्हा गुंडाळतो. जी धार जिवाणूला धुऊन काढायची, तीच त्याची पकड पक्की करते.

चिकटल्यावर पेशी त्याला आत ओढून घेते. तिथे लघवीची धार पोचत नाही आणि तो वाढू लागतो. आग, ताप, वारंवार जाणं हे सगळं त्यानंतरचं.

मग मॅनोजची भुकटी खाऊन हे टाळता येईल? ब्रिटनमध्ये वारंवार संसर्ग होणाऱ्या सुमारे 600 बायकांना सहा महिने रोज मॅनोज किंवा दुसरी साखर देऊन पाहिलं. 2024 साली निकाल आला: दोन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. काचपट्टीवर जमतं ते शरीरात जमलं नाही.

चिकटणं किती निर्णायक आहे, हे 83972 या क्रमांकाच्या ई. कोलायवरून कळतं. तो स्वीडनमधल्या एका मुलीच्या मूत्राशयात तीन वर्षं होता आणि तिला काहीच त्रास नव्हता. चिकटणारे तंतू बनवण्याची क्षमता त्याने गमावली होती. म्हणूनच लघवीच्या तपासणीत जिवाणू सापडले, पण त्रास काहीच नसला, तर गरोदरपण किंवा मूत्रमार्गावरची शस्त्रक्रिया अशी कारणं सोडल्यास डॉक्टर सहसा अँटिबायोटिक देत नाहीत.