वाट कोणाला विचारली, ते सांगा

काही वर्षांपूर्वी दोन वेगवेगळ्या चर्चमध्ये, दोन वेगवेगळ्या वक्त्यांकडून मी एकच आठवण ऐकली. रेल्वे स्टेशनावर हरवलेला मुलगा, गर्दीतून त्याच्या नावाने हाका मारत धावत येणारे वडील आणि त्यांची वाटेत पडलेली चप्पल. दोघांनीही ती "मी लहान असताना" अशी सुरू केली. पहिल्यांदा ऐकताना माझे डोळे भरून आले होते. दुसऱ्यांदा ऐकताना मात्र मी पुढचं वाक्य आधीच मनात म्हणत होते. त्या दिवशीच्या उपदेशात खऱ्या गोष्टीही पुष्कळ असतील, पण त्यांच्यावर विश्वास ठेवणं मला जमलं नाही.

मी स्वतः अधूनमधून उपदेश करते, त्यामुळे हे कसं घडतं ते मला ठाऊक आहे. रविवार दर आठवड्याला येतो. मधल्या दिवसांत आजारी माणसांना भेटी, एखादं लग्न, एखादी अंत्यविधीची उपासना. शनिवारी रात्री टेबलावर पवित्र शास्त्र असतं, शेजारी एखादी कॉमेंट्री, आणि मोबाइलवर कोणा मोठ्या उपदेशकाचं भाषण. मराठी उपदेशकापुढे यात आणखी एक मोह असतो. बरंचसं साहित्य इंग्रजीत असतं. ते मराठीत आणायला खरोखर कष्ट पडतात, आणि कष्ट केले की मजकूर आपलाच वाटू लागतो. भाषांतराची मेहनत आपली असते, पण त्यातला विचार, त्याची रचना आणि दाखले मूळ लेखकाचेच राहतात.

दुसऱ्याचं घेणं यात गैर काहीच नाही. ऑगस्टीनने ख्रिस्ती शिकवणीवरच्या आपल्या ग्रंथाच्या चौथ्या भागात, इ. स. ४२६ च्या सुमारास, स्पष्टच लिहिलं आहे की ज्याला बोलता चांगलं येतं पण रचता येत नाही, त्याने दुसऱ्याने लिहिलेलं पाठ करून लोकांपुढे मांडलं तरी चालेल. इंग्लंडच्या चर्चने १५४७ मध्ये उपदेशांचं एक पुस्तकच छापलं आणि पाळकांनी ते उपासनेत वाचावं असं ठरवलं. तेव्हा समोर बसलेल्यांना माहीत होतं की हे पुस्तकातलं आहे. आज उपदेशक उभा राहतो तेव्हा मंडळी धरून चालते की आठवडाभर वचनाशी बसून हा माणूस काही घेऊन आला आहे. त्या समजुतीला न जागणं म्हणजे फसवणूक.

म्हणूनच मूळ उपदेशकाची परवानगी मिळाली तरी काम भागत नाही. अमेरिकेतल्या सदर्न बाप्टिस्ट कन्व्हेन्शनच्या अध्यक्षपदी २०२१ मध्ये एड लिटन निवडून आले, आणि लगेचच त्यांचे काही उपदेश आधीचे अध्यक्ष जे. डी. ग्रीअर यांच्या उपदेशांशी जुळतात हे लोकांनी शोधून काढलं. ग्रीअर यांनी सांगितलं की आपण वापरायला संमती दिली होती. तरीही लिटन यांना नाव न घेतल्याबद्दल माफी मागावी लागली. संमती ग्रीअर यांची होती, पण अंधारात राहिली होती ती मंडळी.

आता एक उपदेश हातात घेऊन पाहू. लूककृत शुभवर्तमानाचा १५ वा अध्याय, उधळ्या पुत्राची गोष्ट. धाकटा मुलगा बाप जिवंत असताना वाटणी मागतो, दूर देशी पैसा उडवतो, डुकरं राखायची पाळी आल्यावर परततो. बाप धावत जाऊन त्याला मिठी मारतो, आणि थोरला भाऊ रागावून घराबाहेर थांबतो.

पहिलं काम, सगळी पुस्तकं मिटून हा उतारा तीन-चार वेळा वाचायचा आणि आपल्याला पडलेले प्रश्न लिहायचे. वहीच्या पानावर मध्ये उभी रेघ मारायची. डावीकडे आपलं, उजवीकडे दुसऱ्याचं, नाव आणि पान नंबरासकट. ही सवय क्षुल्लक वाटते, पण बहुतेक चोऱ्या जाणूनबुजून होत नाहीत. तीन महिन्यांपूर्वी टिपलेली ओळ नावाशिवाय राहते आणि पुढे आपल्याला ती स्वतःचीच वाटते. या उताऱ्यावर माझ्या डाव्या बाजूला दोन प्रश्न होते: बाप धावला का? आणि थोरला शेवटी आत गेला की नाही, हे येशूने सांगितलं का नाही?

मग कॉमेंट्री उघडायची. थोरल्या मुलाला दुप्पट वाटा मिळे हा अनुवादातला नियम आणि डुक्कर अशुद्ध मानलं जाई हा लेवीयमधला नियम जवळजवळ प्रत्येक भाष्यात सापडतो. ही सामाईक माहिती आहे, तिच्यासाठी कोणाचं नाव घ्यायची गरज नाही. तीन-चार स्वतंत्र पुस्तकांत जे सहज सापडतं ते सगळ्यांचं, अशी माझी कसोटी आहे. एकाच पुस्तकात सापडतं, किंवा बाकीचे ज्याच्या नावाने ते सांगतात, ते त्या माणसाचं.

केनेथ बेली यांचं उदाहरण घ्या. इजिप्त, लेबनॉन, जेरुसलेम अशा ठिकाणी त्यांनी अनेक दशकं राहून शिकवलं. गावकऱ्यांना ते वर्षानुवर्षं विचारत राहिले, की तुमच्याकडे बाप जिवंत असताना कोणी मुलाने वाटणी मागितली आहे का? लोक म्हणत, असं कोणी मागणारच नाही, कारण त्याचा अर्थ बाप मरावा असा होतो. बाप धावला त्याबद्दलही बेली सांगतात की तिकडे वयस्क, प्रतिष्ठित माणूस चारचौघांत धावत नाही. मुलाला गावाचा राग सोसावा लागू नये म्हणून बापाने ती लाज स्वतःवर घेतली. माझ्या पहिल्या प्रश्नाला हे उत्तर मिळालं, पण ते उत्तर बेलींचं आहे. सगळ्याच अभ्यासकांना त्यातला प्रत्येक तपशील मान्य नाही, हेही नाव घेण्याचं एक कारण. "त्या काळी असंच होतं" असं ठोकून दिलं, की एका अभ्यासकाचं मत आपण शास्त्रवचनाच्या पंक्तीला बसवतो.

हे आपल्या शब्दांत कसं आणायचं? समजा भाष्यात असा मजकूर आहे: "बाप जिवंत असताना वाटणी मागणं म्हणजे त्याच्या मरणाची वाट पाहणं. गावाला हा अपमान कळला असणार. म्हणून मुलगा घाईने सगळं विकून दूर जातो." पुष्कळदा त्याचं असं होतं: "वडील हयात असताना हिस्सा मागणं म्हणजे त्यांच्या मृत्यूची इच्छा धरणं. हा अवमान गावाला समजला असेल. त्यामुळे पोरगा गडबडीत सर्व विकून लांब निघून जातो." शब्द बदलले, पण वाक्यं तीच आणि त्याच क्रमाने. ही नक्कलच आहे. त्यापेक्षा पुस्तक मिटावं, घरातल्या कोणाला तरी ती गोष्ट तोंडी सांगावी, आणि सांगताना जे आलं ते लिहावं. माझ्याकडून असं आलं: "केनेथ बेली नावाचे अभ्यासक मध्यपूर्वेतल्या खेड्यांत लोकांना हाच प्रश्न विचारत असत. लोक म्हणत, जो मुलगा वाटणी मागतो त्याला बाप मेलेला हवा आहे. आपल्यालाही हे नवीन नाही. सातबाऱ्यावर नाव चढवा म्हणून मुलगा अडून बसतो, आणि म्हातारा ओसरीवर गप्प बसून असतो. ते घर आपल्यापैकी काहींनी आतून पाहिलं आहे." पहिली दोन वाक्यं बेलींची, नावासकट. पुढचं माझं.

नाव आधी घ्यावं, विचार नंतर सांगावा. विचार रंगवून झाल्यावर घाईघाईत घेतलेलं नाव कोणाच्या कानात शिरत नाही. प्रकाशन, पान, आवृत्ती हे व्यासपीठावर नको, ते वहीत असू द्या म्हणजे कोणी विचारलं तर दाखवता येतं. आणि अर्ध्या तासात दोन-तीन नावं पुरतात, नाहीतर तो उपदेश न राहता ग्रंथसूची होते. विल्यम बार्कली यांच्या भाष्यात दुसऱ्या कोणाचं अवतरण सापडलं आणि मूळ पुस्तक आपण पाहिलं नसेल, तर "बार्कली यांनी असं नोंदवलं आहे" एवढंच म्हणावं. न वाचलेल्या पुस्तकाचा हवाला देणं हेही खोटंच.

सांगाडा उसना घेतला तर तेही सांगायचं असतं, आणि सगळ्यात जास्त हेच राहून जातं. एडमंड क्लाउनी यांनी या अध्यायाकडे असं पाहिलं: हरवलेल्या मेंढराला शोधायला मेंढपाळ जातो, हरवलेल्या नाण्यासाठी बाई घर झाडते, मग हरवलेल्या मुलाला शोधायला कोणीच का जात नाही? जायला हवं होतं थोरल्या भावाने. तो गेला नाही, आणि खरा थोरला भाऊ म्हणजे येशू. ही मांडणी वापरून वाक्यं सगळी माझी असली, तरी उपदेशाचा कणा क्लाउनींचा राहतो. अशा वेळी सुरुवातीलाच म्हणावं, "आजची मांडणी एडमंड क्लाउनी यांच्या उपदेशावरून घेतली आहे." दुसऱ्यांचे उपदेश आपला कच्चा खर्डा झाल्यावरच ऐकावेत, असं मी म्हणते ते यासाठीच. आधी ऐकले तर डावीकडचा रकाना रिकामाच राहतो.

दुसऱ्याचा अनुभव मात्र नाव घेऊनही "मी" म्हणून कधीच सांगू नये. "एका लेखकाने आपल्या लहानपणची गोष्ट लिहिली आहे" या सुरुवातीने स्टेशनावरच्या त्या वडिलांचं काहीही कमी झालं नसतं.

आणि एखाद्या आठवड्यात खरंच वेळ मिळाला नाही तर? "आज मी अमुक यांचा उपदेश वाचून दाखवणार आहे" असं सांगून वाचावा. ऑगस्टीनची मुभा आजही आहे. मात्र छापायचं किंवा वाटायचं असेल तर कायदा पाहावा लागतो. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतो आणि भाषांतराचा हक्कही त्यातच येतो. मॅथ्यू हेन्री १७१४ मध्ये वारले, त्यांचं भाष्य खुलं आहे. बार्कली १९७८ मध्ये वारले, त्यांचं अजून नाही.

नाव घेतल्याने आपण लहान दिसू, ही भीती आपल्या भाषेत तरी असू नये. अभंगाच्या शेवटी कवीचं नाव येतं आणि कीर्तनकार ते गाळत नाही. ज्ञानेश्वरांनी अठराव्या अध्यायाच्या शेवटाकडे, आपण व्यासांच्या मागोमाग भाष्यकारांना वाट विचारत आलो, असं स्वतःच सांगून ठेवलं आहे.

टिमोथी केलर यांचं याच दृष्टांतावरचं 'द प्रॉडिगल गॉड' हे पुस्तक २००८ मध्ये आलं. त्याच्या प्रारंभीच केलर लिहितात की तीसहून अधिक वर्षांपूर्वी क्लाउनी यांचा एक उपदेश ऐकला, आणि हे पुस्तक त्यावर उभं आहे. क्लाउनी तोवर हयात नव्हते, २००५ मध्येच ते वारले होते.