चौथ्या प्रकरणातलं एक वाक्य

एम.एड.च्या लघुशोधप्रबंधात चौथं प्रकरण असतं ‘माहितीचे विश्लेषण व अर्थनिर्वचन’. तक्ते बहुधा बरोबर असतात. घोळ होतो तो तक्त्याखालच्या दोन ओळींत.

समजा, तीन शाळांमधल्या सातवीच्या 120 मुलांना प्रश्नावली दिली आणि 114 परत आल्या. घरी अभ्यासाला वेगळी जागा आहे का आणि वार्षिक परीक्षेत साठ टक्क्यांच्या वर गुण मिळाले का, एवढंच पाहायचं होतं.

| अभ्यासाची जागा | एकूण मुलं | साठच्या वर | टक्के |
|---|---|---|---|
| आहे | 46 | 31 | 67 |
| नाही | 68 | 34 | 50 |

नुसते टक्के न देता मुलांची संख्याही दिली, हे चांगलं केलं. सहा प्रश्नावल्या आल्या नाहीत, हेही तक्त्याखाली लिहायला हवं. कारण न देणारी मुलं इतरांसारखीच असतील असं गृहीत धरता येत नाही.

आता स्तंभालेख. संगणकाने उभा अक्ष 45 पासून सुरू केला, तर पहिला स्तंभ दुसऱ्याच्या चौपटीहून उंच दिसतो. आकडे तेच, पण डोळा फसतो. स्तंभालेखाचा अक्ष शून्यापासूनच हवा.

मग शब्द. 50 वरून 67 म्हणजे 17 टक्केबिंदूंचा फरक. विद्यार्थी त्याला ‘17 टक्क्यांनी जास्त’ म्हणतो. खरं तर 50 च्या तुलनेत ही वाढ सुमारे 35 टक्के होते. यातलं काय सांगतोय ते स्पष्ट लिहावं.

काई-वर्गाची किंमत येते 3.39. 0.05 स्तरावर सार्थक ठरायला 3.84 लागते. इथे हात थरथरतात. कुणी ‘जवळजवळ सार्थक’ लिहितो, कुणी ‘जागेचा काहीच परिणाम नाही’. दोन्ही चूक. खरा फरक जवळपास शून्य असू शकतो किंवा 35 टक्केबिंदूंपर्यंतही. इतक्या मुलांवरून सांगता येत नाही. शिवाय एका शाळेतली मुलं एकाच शिक्षकाकडे शिकतात, त्यामुळे हा हिशोबही थोडा उदारच.

आणि फरक सार्थक ठरला असता तरी ‘जागेमुळे गुण वाढले’ म्हणता आलं नसतं. ज्या घरात अभ्यासाला कोपरा आहे, तिथे बहुधा शिकलेले आईवडील आणि जरा बरी मिळकतही असते. ‘असर’च्या 2018 च्या ग्रामीण पाहणीत दुसरीचा मजकूर वाचू शकणारी पाचवीतली मुलं सरकारी शाळांत 44.2 टक्के होती, खासगीत 65.1. तिथेही शाळेचं श्रेय किती आणि घराचं किती, हे केवळ या दोन आकड्यांवरून कळत नाही.

म्हणून मी तक्त्याखाली एवढंच लिहायला सांगते: ‘या 114 विद्यार्थ्यांमध्ये वेगळी जागा असलेल्यांत साठच्या वर गुण मिळवणाऱ्यांचं प्रमाण 17 टक्केबिंदूंनी जास्त आढळलं, हा फरक 0.05 स्तरावर सार्थक नाही.’ कारणांची चर्चा पाचव्या प्रकरणात.