सहकारी अचानक गेल्यावर

समजा, एका कंपनीच्या अकाउंट्स विभागात आठ जण आहेत. महिन्याची १२ तारीख, रविवार. त्यांच्यातला जीएसटीचं काम पाहणारा सहकारी रात्री हृदयविकाराच्या झटक्याने जातो. सोमवारी सकाळी विभागप्रमुखाने काय करायचं?

आधी घरच्यांकडून बातमीची खात्री करावी आणि इतरांना काय सांगितलेलं चालेल तेही विचारून घ्यावं. मग प्रत्येकाला फोन करावा. त्याच्या सर्वांत जवळच्या मित्राला पहिला. ग्रुपवरचा मेसेज त्यानंतर. त्यात नाव घेऊन, सरळ शब्दांत लिहावं: ‘ते काल रात्री गेले. अंत्यसंस्कार आज दुपारी दोनला आहेत. ज्यांना जायचंय त्यांनी जावं, रजा टाकू नये. घरच्यांशी कंपनीच्या वतीने मीच बोलेन.’ शेवटचं वाक्य गाळू नये. ते नसेल तर पगार, पीएफ, लॅपटॉप यांसाठी दिवसभरात चार जणांचे फोन त्या घरी जातात. मृत्यूचं कारण मात्र घरच्यांची संमती असेल तरच लिहावं.

आता काम. दर महिन्याला रिटर्न भरणाऱ्यांसाठी जीएसटीआर-३बी ची मुदत २० तारखेला संपते, म्हणजे हातात आठवडाच आहे. कामांची यादी करून तीन भाग पाडावेत: कायद्याची तारीख असलेली, महिनाभर थांबू शकणारी आणि सोडूनच देता येणारी. पहिल्या भागातली तेवढी वाटावीत. ती बहुतेक वेळा शेजारी बसणाऱ्यावर पडतात, कारण त्याला सगळं माहीत असतं. पण सर्वांत खचलेलाही तोच असतो. त्याच्याकडून माहिती घ्यावी, काम दुसऱ्या दोघांना द्यावं. ओटीपी गेलेल्या माणसाच्या मोबाइलवर येत असेल, तर त्यासाठी त्याच्या पत्नीला फोन करू नये. पोर्टलवर अधिकृत स्वाक्षरीकर्ता बदलण्याची प्रक्रिया त्याच दिवशी सुरू करावी.

रजेचा प्रश्न अवघड असतो. कंपन्यांच्या नियमांत शोकरजा असली तरी ती सहसा जवळच्या नातेवाइकांपुरती असते; सहकारी त्यात बसत नाही. म्हणून वरिष्ठांशी बोलून पहिल्या आठवड्यात दोन दिवस भरपगारी सुट्टी जाहीर करावी. ‘हवी असेल तर मागा’ म्हटलं की गरज असलेलेच गप्प बसतात. त्यापेक्षा पाळी लावून द्यावी. तेराव्याला जाणाऱ्यांचीही सोय आधीच करावी.

काहींना त्रास तीन-चार आठवड्यांनी जाणवतो. एरवी चोख असणारा माणूस आकडे चुकवू लागतो, सारखा उशिरा येतो. त्याला मेमो देण्याआधी एकट्याला भेटावं. झोप उडाली असेल, तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत सरकारी क्रमांक द्यावा.

त्या जागी माणूस घेताना जाहिरात निघण्यापूर्वी विभागाला सांगावं. नव्या माणसालाही आपण कोणाच्या जागी आलो आहोत ते पहिल्याच दिवशी कळू द्यावं, म्हणजे इतरांच्या तुटकपणाचा तो वेगळा अर्थ लावणार नाही.