सेटान: मैदा धुतल्यावर उरतं ते काय?

एक किलो मैदा घट्ट मळायचा, गोळा तासभर पाण्यात बुडवून ठेवायचा आणि मग पाण्यातच कुस्करत राहायचं. पाणी दुधासारखं पांढरं होतं. ते ओतून नवं पाणी घ्यायचं. सहा-सात पाण्यांनी धुतल्यावर हातात साधारण पाव किलोचा, करड्या-पिवळट रंगाचा, रबरासारखा ताणला जाणारा लगदा उरतो. हे ओलं ग्लूटेन. सोया सॉस आणि मसाला घातलेल्या पाण्यात ते मंद आचेवर शिजवलं की झालं सेटान. खळखळून उकळलं तर मात्र ते स्पंजासारखं फुगतं आणि चावण्याची मजा जाते.

चीन-जपानच्या बौद्ध स्वयंपाकात हा पदार्थ शेकडो वर्षांपासून आहे. इटलीतल्या बोलोन्याचे शास्त्रज्ञ बेक्कारी यांनी 1728 साली पीठ असंच धुऊन स्टार्च आणि ग्लूटेन वेगळं केल्याचं मांडलं. महाराष्ट्रात हीच विभागणी दर उन्हाळ्यात होते, फक्त उलट्या हेतूने. कुरडयांसाठी गहू भिजवून, वाटून, गाळून चीक ठेवायचा आणि चोथा बाजूला काढायचा. सेटान करणारा जो चीक ओतून देतो, तोच इथे हवा असतो.

आता ‘शुद्ध’ या शब्दाकडे येऊ. धुतलेल्या कच्च्या लगद्यावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकला, तर बहुतेक वेळा निळे-काळे ठिपके उमटतात. ती जाळीत अडकून राहिलेल्या स्टार्चची खूण. पाणी कितीही नितळ दिसलं, तरी थोडा स्टार्च आणि गव्हातली थोडी चरबी मागे राहतेच. बाजारात भुकटीच्या रूपात मिळणाऱ्या गव्हाच्या ग्लूटेनसाठी कोडेक्सचा आंतरराष्ट्रीय निकषही कोरड्या वजनात किमान 80 टक्के प्रथिनांचा आहे, शंभर टक्क्यांचा नाही. शिजवलेल्या सेटानमध्ये तर निम्म्याहून अधिक पाणीच असतं. म्हणजे सेटान हे शुद्ध ग्लूटेन नव्हे. पण त्यातलं जवळपास सगळं प्रथिन ग्लूटेनच असतं, आणि खरी गोष्ट तिथेच आहे.

व्हीगन माणसाला यात प्रथिन भरपूर मिळतं, पण ते एकांगी असतं. शरीराला बाहेरूनच घ्यावं लागणारं लायसिन हे अमिनो आम्ल ग्लूटेनमध्ये फार कमी. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने प्रौढांच्या आहारात दर ग्रॅम प्रथिनामागे 45 मिलिग्रॅम लायसिन हवं. ग्लूटेनमध्ये ते त्याच्या निम्म्याहूनही कमी भरतं. साठ किलोच्या माणसाने दिवसाचं सगळं, म्हणजे समजा 50 ग्रॅम प्रथिन, सेटानमधूनच घेतलं तरी लायसिनची निम्मी गरजही जेमतेम भागेल. तूर, चणे, सोयाबीन यांत लायसिन चांगलं असतं, त्यामुळे रोज वरण किंवा उसळ खाणाऱ्याने फार डोकं शिणवायचं कारण नाही. बी-12 मात्र वेगळंच घ्यावं लागतं. ते ग्लूटेनमध्ये नसतं. शिवाय मांसासारख्या दिसणाऱ्या काही तयार पदार्थांत बांधणीसाठी अंड्याचा पांढरा बलक घातलेला असतो, तेव्हा घटकांची यादी वाचलेली बरी.

सेलिआकच्या रुग्णासाठी मात्र ‘जवळपास शुद्ध’ हीच सगळ्यात वाईट बातमी. ग्लूटेन पोटात गेलं की त्याची रोगप्रतिकारशक्ती स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते, अन्नरस शोषणारे सूक्ष्म अंकुर झिजतात, आणि मग रक्तक्षय, जुलाब, मुलांची खुंटलेली वाढ. इटलीतल्या एका अभ्यासात रोज अवघं 50 मिलिग्रॅम ग्लूटेन तीन महिने दिल्यावर रुग्णांच्या आतड्यांत बिघाड दिसला. शंभर ग्रॅम सेटानमध्ये 20 ग्रॅमच्या आसपास ग्लूटेन धरलं, तर नखाएवढ्या एक ग्रॅमच्या तुकड्यात 200 मिलिग्रॅम होतं. त्या मात्रेच्या चौपट! ‘ग्लूटेनमुक्त’ म्हणवणाऱ्या पदार्थात किलोमागे 20 मिलिग्रॅमची मर्यादा असते. सेटानमध्ये त्याच्या दहा हजार पट भरतं. यात थोडंसं चालेल असं काही नाही. शिजवून, तळून किंवा आणखी धुऊनही ते निघणार नाही, कारण धुऊन उरलेलं तेच तर आहे.

उलट बाजूही तितकीच फसवी. ग्लूटेनमध्ये जसा थोडा स्टार्च उरतो, तसंच चिकात थोडं ग्लूटेन उतरतं, म्हणून गव्हाच्या कुरडयाही या रुग्णांनी टाळायच्या.

गोंधळ होतो तो ‘व्हीगन’ या शब्दामुळे. भारतात वेष्टनावर दिसणारं हिरवं व्हीगन चिन्ह पदार्थात प्राणिजन्य काही नाही एवढंच सांगतं. गव्हाबद्दल ते काही बोलत नाही. डब्यातलं ‘मॉक डक’ बहुतेक वेळा गव्हाचं ग्लूटेनच असतं. ‘सोया चाप’ नावाने विकल्या जाणाऱ्या पदार्थातही सोयाबीनच्या जोडीला मैदा असतो. हॉटेलात ज्या कढईत सेटान तळलं, त्याच तेलात बटाटे तळले, तर तेही या रुग्णाच्या कामाचे नाहीत.

आणि ज्यांना केवळ शंका आहे, त्यांनी गहू आधी बंद करून मग डॉक्टरकडे जाऊ नये. ग्लूटेन थांबवलं की रक्तातली प्रतिद्रव्यं ओसरतात, आतडं सुधारू लागतं आणि तपासणी चुकीने निर्दोष येऊ शकते. आधी रक्ततपासणी, गरज पडल्यास आतड्याची बायोप्सी, आणि पोळी बंद करायची ती त्यानंतर.