डावे, उजवे आणि फिल्मवरचे एक अक्षर

सीताबर्डीत राहणारे आमचे एक शिक्षक मित्र एका संध्याकाळी हातात मोठे पाकीट घेऊन आले. पाकिटात त्यांच्या वडिलांच्या डोक्याच्या सीटी स्कॅनची फिल्म होती. वडील महिन्यापूर्वी जिन्यावरून घसरले होते. तेव्हा फारसे काही वाटले नाही. पण आठवडाभरापासून त्यांच्या उजव्या हातातून पेला निसटू लागला होता. रिपोर्टात लिहिले होते, की कवटीच्या आत डाव्या बाजूला जुने रक्त साचले आहे. दोन दिवसांनी ऑपरेशन ठरले होते.

सरांनी फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली आणि बोट ठेवून दाखवले. मेंदूच्या कडेला चंद्रकोरीसारखा काळसर पट्टा होता, आणि तो फिल्मच्या उजव्या बाजूला होता. "हात उजवा लुळा, फिल्ममध्ये रक्त उजवीकडे, आणि रिपोर्टात डावी बाजू! टाइप करणाऱ्याची चूक असेल, तर उद्या डॉक्टर भलत्याच बाजूने कवटी उघडतील," ते म्हणाले.

शंका रास्त होती. दोन पुरावे एका बाजूला आणि एक कागद दुसऱ्या बाजूला. तरीही कागदच बरोबर होता. कसा, ते पाहू.

सीटी स्कॅनमधले प्रत्येक चित्र म्हणजे शरीराची आडवी चकती असते, काकडीच्या चकतीसारखी. ही चकती कोणत्या बाजूने पाहायची, याचा जगभरच्या रेडिऑलॉजिस्टांचा एक संकेत आहे. रुग्ण उताणा झोपला आहे आणि आपण त्याच्या पायाशी उभे राहून डोक्याकडे पाहत आहोत, असे समजायचे. मग त्याचे कपाळ चित्रात वर येते आणि त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. वर्गात आपण मुलांसमोर उभे राहतो, तेव्हा मुलांचा उजवा हात आपल्या डावीकडे असतो, तसेच हे. छातीच्या साध्या एक्स-रे फिल्मलाही हाच नियम आहे. म्हणूनच हृदयाचे टोक फिल्मच्या उजव्या भागाकडे झुकलेले दिसते. तेव्हा फिल्मवर उजवीकडे दिसणारे रक्त वडिलांच्या डोक्यात डावीकडे होते.

आता हाताचे. मेंदूकडून स्नायूंना आज्ञा नेणारे बहुतेक मज्जातंतू मेंदूच्या तळाशी एकमेकांना ओलांडून पलीकडे जातात. मेंदूच्या डाव्या भागावर दाब आला, की उजवा हात दुबळा होतो. म्हणजे उजवा हात हा पुरावा रिपोर्टाच्या बाजूचाच निघाला.

सरांचे समाधान होत होते, तोच त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. त्यांनी फिल्म खिडकीच्या काचेला लावून मोबाइलने फोटो काढला होता आणि त्यातला एकच चौकोन मोठा करून, कापून, पुण्याच्या भावाला पाठवला होता. भावाचे उत्तर आले होते, "दादा, रक्त डावीकडेच दिसते आहे. रिपोर्ट बरोबर आहे." फोटो पाहिला, तर खरोखरच चंद्रकोर डावीकडे! फिल्म काचेला उलटी लागली होती. फिल्म पारदर्शक असते; पुढून पाहा की मागून, चित्र तेवढेच स्पष्ट दिसते. भावाने उलटे चित्र पाहिले आणि संकेत माहीत नसल्याने उलटाच अर्थ लावला. दोन चुकांनी एकमेकींना खोडले. गणितात उत्तर बरोबर आणि रीत चुकीची असावी, तसे हे झाले.

पूर्ण फिल्म उलटी असेल, तर तिच्यावरचे नाव उलटे दिसते आणि चूक कळते. पण एकच चौकोन कापून घेतला, की नाव जाते. मग उरते काय? चौकोनाच्या कडेला छापलेले छोटे अक्षर. रुग्णाच्या उजव्या बाजूला R, डाव्या बाजूला L. सरांच्या मूळ फिल्मवर R डाव्या कडेला सरळ उभा होता. मोबाइलमधल्या फोटोत तोच R उजव्या कडेला गेला होता आणि त्याचे पोट भलत्या बाजूला आले होते. या एका अक्षराने दोन गोष्टी कळतात. ते कोठे आहे, यावरून रुग्णाची बाजू कळते. ते सरळ आहे की आरशातले, यावरून फिल्म उलटली आहे का ते कळते. खुणेसाठी O किंवा T घेतले असते, तर दुसरी गोष्ट कळलीच नसती, कारण ही अक्षरे आरशातही तशीच दिसतात.

छातीच्या चित्रात हृदय आणि पोटाच्या चित्रात यकृत बाजू सांगते, मग अक्षर कशाला, असे कोणी विचारील. पण सुमारे दहा हजारांत एका माणसाचे हृदय, यकृत, जठर सारे आरशातल्यासारखे उलट्या बाजूला असते. त्याची फिल्म आणि साध्या माणसाची उलटलेली फिल्म यांतला फरक अक्षरच सांगते. डोक्याच्या किंवा हाताच्या फिल्ममध्ये तर असा आधारही नसतो. वर्गात करून पाहा. विजेरीसमोर डावा हात तळवा भिंतीकडे करून धरा, मग उजवा हात तळवा आपल्याकडे करून धरा. सावली सारखीच पडते. एक्स-रे हीही सावलीच आहे.

म्हणूनच साधा एक्स-रे काढताना शिशाचे अक्षर शरीराशेजारी, किरणांच्या वाटेतच ठेवतात. शिसे किरण अडवते आणि अक्षर पांढरे उमटते. ते चित्राबरोबर त्याच क्षणी उमटत असल्याने, नंतर संगणकावर टाकलेल्या अक्षरापेक्षा अधिक भरवशाचे असते.

तरी अक्षरही माणसावरच अवलंबून आहे. टेक्निशियनने R डाव्या बाजूला ठेवला, तर तो सरळच उमटेल आणि तरी खोटे सांगेल. सीटी यंत्रात ही अक्षरे यंत्र स्वतः घालते, पण रुग्ण उताणा आहे की पालथा, डोके आधी आत गेले की पाय, हे टेक्निशियनने सांगितलेले असते. ते चुकले, तर सर्व चौकोनांवर बाजू उलट छापल्या जातात. मेंदूचे संशोधन करणाऱ्यांना आणखी एक अडचण येते. त्यांच्यापैकी काही जण चकती डोक्याकडून पाहतात, म्हणजे रुग्णाची डावी बाजू डावीकडेच ठेवतात. चित्रांच्या फाइली एका संगणकातून दुसऱ्यात जाताना घोटाळा होऊ नये, म्हणून एमआरआयच्या वेळी कपाळाच्या एका बाजूला ई जीवनसत्त्वाची तेलकट कॅप्सूल चिकटवण्याची पद्धत आहे. तेलामुळे ती चित्रात ठळक ठिपक्यासारखी उमटते. शिशाच्या अक्षराचेच हे दुसरे रूप.

यामुळे ऑपरेशनच्या वेळी एकट्या फिल्मवर विसंबत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेने 2008 मध्ये सुरू केलेल्या तपासयादीत, भूल देण्याआधी शरीरावर जागेची खूण केली आहे का आणि चिरा देण्याआधी आवश्यक फिल्म समोर लावली आहे का, हे मोठ्याने विचारायचे असते.

सरांना आम्ही एवढेच सुचवले, की कापलेला फोटो पुसून टाका, अक्षरासह पूर्ण फिल्म न्या आणि शंका मनात न ठेवता सर्जनना विचारा. त्यांनी विचारले. सर्जननी फिल्म लाइटबॉक्सवर लावली, R वर बोट ठेवले, मग वडिलांना दोन्ही हातांनी आपली बोटे दाबायला लावली. उजवी पकड ढिली होती. फिल्म, रिपोर्ट आणि हात तिन्ही जुळल्यावर त्यांनी वडिलांच्या डाव्या कानाच्या वर पेनने खूण केली.