ड्राफ्टमध्ये अडकलेली शिष्यवृत्ती

महाडीबीटी संकेतस्थळावर शिष्यवृत्तीचा अर्ज करणाऱ्या विद्यार्थ्याला आधी स्वतःची प्रोफाइल पूर्ण करावी लागते. तिचे भाग ठरलेले आहेत: वैयक्तिक माहिती, पत्ता, इतर माहिती, चालू अभ्यासक्रम, मागील शिक्षण आणि शेवटी वसतिगृह. प्रत्येक भाग भरून जतन करत पुढे जायचे असते. अनेकांचे अर्ज पहिले चार भाग भरून झाल्यावर तिथेच थांबतात.

मुले आळशी आहेत, म्हणून हे होते असे नाही. नाव, पत्ता, पालकांची माहिती तोंडपाठ असते. ‘मागील शिक्षण’ मात्र दहावी-बारावीचा बैठक क्रमांक, उत्तीर्ण झाल्याचे वर्ष, टक्के आणि मार्कशीट मागते. मध्ये वर्ष गेले असेल तर त्याचाही कागद लागतो. मुलगा शहरातल्या खोलीवर आणि मार्कशीट गावच्या कपाटात, असे असले की अर्ज तिथेच थांबतो.

वसतिगृहाच्या भागाची अडचण वेगळी आहे. घरून ये-जा करणाऱ्या मुलीला वाटते, हा भाग आपल्यासाठी नाही. ती तो कोरा ठेवते. प्रत्यक्षात तिने ‘डे स्कॉलर’ हा पर्याय निवडून तो भाग जतन करायचा असतो.

माहिती जतन झाली, म्हणजे अर्ज गेला, असा समज यातला सर्वात महागात पडणारा आहे. प्रोफाइल पूर्ण झाल्यावर योजना निवडायची, कागद जोडायचे आणि अर्ज सादर करायचा, हे सगळे बाकीच असते. सादर न केलेला अर्ज छाननीसाठी कॉलेजच्या लॉगिनला येत नाही. मग तो पुढे विभागाच्या कार्यालयात कसा जाणार? अर्ज क्रमांक मिळाला आहे का आणि स्थिती काय दिसते, एवढे पाहिले तरी विद्यार्थ्याला आपण कुठे आहोत ते कळते.

कॉलेजच्या लिपिकाकडे प्रवेशाची यादी असते आणि लॉगिनला आलेल्या अर्जांची यादी असते. दोन्ही ताडून पाहिल्या की कोण राहिले ते समजते. पण कोणाचे काय अडले, ते त्या यादीत नसते. म्हणून ग्रुपवर ठरलेला मजकूर पडतो: ‘ज्यांचे अर्ज अपूर्ण आहेत त्यांनी त्वरित पूर्ण करावेत, अन्यथा कॉलेज जबाबदार राहणार नाही.’ अर्ज झाला असे समजून बसलेल्या मुलाला हे आपल्याला उद्देशून आहे असे वाटतच नाही. ज्याला वाटते, त्याला काय करायचे ते कळत नाही.

त्याऐवजी त्या विद्यार्थ्याला थेट असे लिहिता येईल:

‘तुमचा महाडीबीटी अर्ज कॉलेजच्या लॉगिनला आलेला नाही. आधी जतन केलेली माहिती पुन्हा भरू नका. “मागील शिक्षण” आणि “वसतिगृह” हे भाग तपासा. घरून येत असाल तरी वसतिगृहाच्या भागात “डे स्कॉलर” निवडा. अडले तर दहावी-बारावीची मार्कशीट घेऊन बुधवारी ११ ते २ या वेळेत खिडकी ३ वर या. कॉलेजची शेवटची तारीख २५. ओटीपी आणि पासवर्ड कोणालाही सांगू नका.’

यात धमकी नाही. जे कॉलेजला दिसते तेवढेच ठामपणे सांगितले आहे, नेहमी अडणाऱ्या जागा दाखवल्या आहेत आणि भेटण्याची वेळ दिली आहे. असा निरोप ज्याचा त्यालाच पाठवावा. सगळ्यांच्या ग्रुपवर नावे, जात किंवा उत्पन्न टाकू नये.

एसएमएस पाठवायचा तर मजकूर आणखी आवळावा लागतो. देवनागरीत एका एसएमएसमध्ये ७० चिन्हे बसतात आणि काना, मात्रा, मोकळी जागाही त्यात मोजली जाते. ‘महाडीबीटी अर्ज कॉलेजला मिळाला नाही. बुधवारी मार्कशीटसह खिडकी ३ वर या.’ हा मजकूर ६९ चिन्हांत बसतो.

अशा निरोपांचा उपयोग किती, हे अमेरिकेत मोठ्या प्रमाणावर तपासले गेले आहे. तिथे सरकारी शैक्षणिक मदतीच्या अर्जाला ‘फॅफ्सा’ म्हणतात. छोट्या स्थानिक प्रयोगात, संदेशाला उत्तर देऊन मदत मागण्याची सोय होती, तेव्हा कम्युनिटी कॉलेजांतले अधिक विद्यार्थी दुसऱ्या वर्षी शिकत राहिले. पुढे राज्य आणि देश पातळीवर ८ लाखांहून अधिक विद्यार्थ्यांपर्यंत आठवणी पोचवल्या गेल्या, तेव्हा प्रवेशावर किंवा मिळालेल्या मदतीवर परिणाम दिसला नाही. ओळखीचा माणूस पलीकडे असणे हे त्या फरकाचे एक संभाव्य कारण मानले जाते.

शब्द चांगले असले तरी मार्कशीट गावाहूनच यावी लागते आणि तहसील कार्यालयातून उत्पन्नाचा दाखला मिळायला दोन आठवडेही लागू शकतात. म्हणून कॉलेजांनी पहिला निरोप मुदतीच्या किमान तीन आठवडे आधी पाठवावा, आणि दिलेल्या वेळी खिडकीवर माणूस बसवावा.